कोपऱ्यातली माती

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आमच्या वस्तीत सगळे अझोलाबाई म्हणायचे. त्यांना ते आवडायचं. आयुष्यभर बाईला कुणी विचारलं नव्हतं, आणि साठी उलटल्यावर लोक दारात येऊन 'अझोलाबाई आहेत का घरात' म्हणायला लागले, तर कुणाला आवडणार नाही. मी मात्र त्यांना जाऊबाईच म्हणायचे. मला नाटकं जमत नाहीत.

आमची दोन घरं समोरासमोर, मध्ये एक अंगण. त्यांच्या बाजूला गोठा, गोठ्यात एक गाय. माझ्या बाजूला कोंबड्यांचं खुराडं, त्यात बारा कोंबड्या. त्यांना मूलबाळ नाही. माझ्या मुलाची मुलगी, आमची पिटुकली, तीन वर्षांची. तिच्या आईचं दूध लवकर आटलं, आणि तेव्हापासून ती जाऊबाईंच्या गाईच्या दुधावर वाढली. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. धार काढली की पहिला पेला तिचा, मग बाकीच्या जगाचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या पेल्याशी येऊन थांबतं.

आता भावजींबद्दल. म्हणजे जाऊबाईंचे यजमान. गोठ्याला लागून पत्र्याची खोली आहे, तिथे त्यांचा बॅटऱ्या दुरुस्तीचा धंदा होता. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, कुठल्याही. ज्या दुरुस्त व्हायच्या नाहीत त्या ते मागच्या कोपऱ्यात कुऱ्हाडीने फोडायचे, आतलं शिसं काढायचे, लोखंडी कढईत वितळवून त्याच्या विटा पाडायचे. तीस वर्षं हेच केलं. माणूस भयंकर तापट. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट उंबऱ्याबाहेर जायचं. पुढे पुढे पोटात कळा यायला लागल्या, विसरायला लागले, आणि दात खायला लागले. झोपेत नाही हो, जागेपणी. दुपारचे खाटेवर बसायचे, समोर बघायचे आणि करकर करकर. मला माझ्या घरात ऐकू यायचं. मी रेडिओ लावायचे. मग एक दिवस गेले. सहा वर्षं झाली त्याला.

मागचा कोपरा तसाच पडून राहिला. काळी भुसभुशीत माती, आणि त्यावर गवताचं पातं नाही.

दीड वर्षापूर्वी गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, पेंडीचे भाव बघताय ना, एक खड्डा करा आणि अझोला लावा. अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक शेवाळासारखं दिसणारं रोप, पण शेवाळ नव्हे. त्यात प्रथिनं भरपूर. गाय खाते, कोंबड्या तर तुटून पडतात. जाऊबाईंनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कंबर कसली. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, वीतभर खोल खड्डा. कडेने विटा, आत जाड प्लास्टिकचा कागद, वर सावलीला हिरवी जाळी. तळाशी चाळलेली माती दोन-तीन घमेली, शेण पाण्यात कालवून त्यात मूठभर सुपर फॉस्फेट, आणि वर अर्धी वीत पाणी. त्यावर किलोभर अझोला सोडला.

माती कुठली घ्यायची यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, समोरच्या वाफ्यातली घ्या, तिथे वांगी चांगली येतात. त्या म्हणाल्या, "वांग्यांनी तिचा कस खाल्लाय. कोपऱ्यातली बघ. इतकी वर्षं तिच्यातून कुणी काही घेतलेलं नाही. सगळं तिच्यात तसंच आहे."

बाईचं बोलणं शब्दन् शब्द खरं निघालं. तेव्हा मला वाटलं, असेल बाई, मला काय कळतंय.

पहिल्या आठवड्यात अझोला कडेकडेने लाल पडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऊन जास्त लागतंय किंवा फॉस्फेट कमी पडतंय. जाऊबाईंनी जाळी दुहेरी केली, फॉस्फेट थोडं वाढवलं. मग मात्र असा हिरवा झाला की बघत राहावं. पंधरा दिवसांत खड्डा भरला. रोज सकाळी त्या चाळणीने अर्धा-पाऊण किलो काढायच्या, पाण्यातून हिसळायच्या आणि आंबोणात अर्ध्याला अर्धा मिसळून गाईला द्यायच्या. मूठभर माझ्या कोंबड्यांना. नियम असा की तीन पाण्यांनी धुवायचा, शेणाचा वास आणि मुळांची माती जाईपर्यंत. त्या एकाच पाण्यातून काढायच्या. म्हणायच्या, मुळांना लागलेली मातीही पोटात गेलेली बरी, तिच्यात कस आहे. दर पाच-सहा दिवसांनी शेण, दहा दिवसांनी थोडं पाणी बदलायचं, महिन्याला जुनी माती थोडी काढून नवी घालायची. नवी माती अर्थात कोपऱ्यातली. मग शेजारी दुसरा खड्डा केला. गाय लिटरभर जास्त दूध द्यायला लागली. माझ्या अंड्यांचा बलक केशरी झाला. खोटं कशाला बोलू, मीही चार बायकांना फोडून दाखवला.

मग लोक बियाणं मागायला यायला लागले. जाऊबाई पिशवीत किलोभर अझोला द्यायच्या, आणि सोबत डबाभर माती. ती का, असं विचारलं तर म्हणायच्या, विरजण लावताना नाही का आपण जुन्या दह्याची कवडी घालत? ज्या मातीत वाढलाय ती थोडी बरोबर असली की नव्या जागी रुळतो. चार घरांत अशी ती गेली. अझोला आणि डबा, अझोला आणि डबा.

इतरांच्या खड्ड्यात गोगलगायी व्हायच्या, अळ्या पडायच्या, एका घरी तर बेडकांनी संसार थाटला होता. आमच्या खड्ड्यात काही नाही. एक गोगलगाय नाही. जाऊबाईंना याचा केवढा अभिमान. पण मला त्या खड्ड्याजवळ उभं राहायला नको वाटायचं. अझोला दाट असला की पाणी दिसतच नाही, हिरवी सतरंजी अंथरल्यासारखं. हात घालून ओंजळ काढली की मध्ये काळं पाणी उघडं पडायचं, आणि आपण बघत असताना कडेचा अझोला सरकत सरकत ते झाकून टाकायचा. वारा नसतानाही. मी एकदा जाऊबाईंना म्हटलं तर हसल्या. पिटुकली मात्र तिथून हलायची नाही. मोठी आजी, मोठी आजी करत त्यांच्या मांडीला टेकून चिखलात बोटं घालायची, आणि तीच बोटं तोंडात.

उन्हाळा संपता संपता माझ्या कोंबड्या गप्प झाल्या. गप्प म्हणजे कशा, तर खुराड्यात गेले की एरवी पायात पायात येतात, त्या आता भिंतीकडे तोंड करून उभ्या. बाराच्या बारा. डोळे उघडे, माना खाली. मी हातातली ताटली आपटली तरी एकीने वळून बघितलं नाही. अंडी कमी झाली, मग बंदच. एक गेली, मग दुसरी. मरतानाही आवाज नाही. मी जाऊबाईंना म्हटलं, काहीतरी साथ दिसतेय. त्या म्हणाल्या, अझोला थोडा जास्त घाल, अंगात ताकद येईल. मी घातला. हाताने घातला.

आणि मग एका दुपारी मी भांडी घासत असताना ऐकलं. करकर करकर.

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. सहा वर्षांनी तो आवाज, त्याच वेळेला, त्याच बाजूने. मला वाटलं, झालं, आपलंही डोकं गेलं. हात पुसले आणि अंगण ओलांडून गेले. पत्र्याच्या खोलीला कुलूप होतं. आवाज गोठ्यातून येत होता. गाय उभी होती, समोर गवत तसंच पडलेलं, आणि ती रिकाम्या तोंडाने दात खात होती. समोर बघत. जाऊबाई शेजारी पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर हसू होतं.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या.

"काय ऐकायचंय त्यात. पोट बिघडलंय तिचं. डॉक्टरीणबाईंना फोन लावते."

"नको. चार दिवस झाले. रोज जेवण झाल्यावर सुरू होतं. हेच आहेत गं."

मी त्यांना फाडफाड बोलले. मेलेल्या माणसाला दुसरं काम नाही का, म्हटलं, गाईत येऊन बसायला. त्या ऐकत होत्या आणि गाईच्या मानेवरून हात फिरवत होत्या. गाईच्या कानाची पाळी सारखी थरथरत होती. भावजींच्या गालाची शीर अशीच उडायची. मला ते दिसलं आणि मी तोंड मिटलं. भीती वाटली म्हणून मिटलं, दुसरं काही नाही.

इथे माझी चूक आहे. मी फोन लावायला हवा होता. पण मी विचार केला, गाय त्यांची, नवरा त्यांचा, मरू दे. आणि संध्याकाळी पेला आला तो पिटुकलीला दिला.

तिसऱ्या दिवशी गाय गोठ्याच्या पत्र्याला डोकं लावून उभी राहिली. पलीकडे भावजींची खोली, मध्ये नुसता पत्रा. कपाळ टेकवलेलं आणि सगळ्या अंगाने ढकलतेय, जणू पलीकडे जायचंय. पत्रा आत वाकला होता. मी डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही. डोळा स्वच्छ, ओला, मोठा, आणि दिसत काही नाही. जाऊबाई म्हणाल्या, "खोलीत जायचंय त्यांना. चावी कुठे ठेवलीय ते आठवत नाही मला." आणि त्या खरोखर फडताळातले डबे खाली काढत बसल्या.

तेवढ्यात माझी सूनबाई दारात आली. पिटुकली सकाळपासून पोट धरून बसलीय, म्हणाली. रडत नाही, खेळत नाही, भिंतीकडे बघत बसलीय.

मी धावत गेले. पोर कोपऱ्यात बसली होती, मान खाली. मी हाक मारली, तिने वळून बघितलं नाही. मी तिला उचलून घेतलं, मुलाला म्हटलं गाडी काढ, आणि जाता जाता डॉक्टरीणबाईंना फोन लावला. गाय आंधळी झालीय, दात खातेय, भिंत ढकलतेय, कोंबड्या गेल्या, एका दमात सगळं बोलले.

पलीकडून त्या एकच प्रश्न विचारून थांबल्या. "गाईने कुठे जुनी बॅटरी चाटलीय का? किंवा रंगाचा डबा?"

"बॅटरी कुठली हो आता. भावजींचा धंदा बंद होऊन…" आणि मला कोपरा दिसला. काळी भुसभुशीत माती, गवताचं पातं नाही. चाळणी. घमेलं. महिन्याला नवी.

"मुलीचं रक्त तपासायला सांगा," त्या म्हणाल्या. "शिशासाठी, असं नीट सांगा. आणि दूध फेकून द्या."

दवाखान्यात रक्त घेतलं, अहवाल दोन दिवसांनी मिळणार होता. इकडे डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी गाईला सलाइन लावलं, नमुने घेतले, पण आम्हाला खोटा धीर दिला नाही. मग खड्ड्यापाशी उकिडव्या बसून त्यांनी जाऊबाईंना समजावलं. अझोला पाण्यातलं, मातीतलं जे असेल ते ओढून घेतो. शेणातला कस ओढतो, तसंच शिसंही ओढतो. त्यात मुळांना माती चिकटलेली. बाहेरून काही दिसत नाही, हिरवाच राहतो. शिसं गाईच्या दुधात उतरतं, कोंबडीच्या अंड्यात उतरतं. अझोला वाईट नाही, माती वाईट आहे.

"म्हणजे ह्यांचं पोट दुखायचं," जाऊबाई म्हणाल्या, "दात खायचे…"

"त्यांनाही तेच असणार."

"आणि गाईला तेच."

"हो."

जाऊबाईंनी हिरव्या खड्ड्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मग मी चुकीचं काय बोलले?" डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. मला कळलं. गोठ्यात त्या 'हेच आहेत गं' म्हणाल्या होत्या.

गाय दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. शेवटपर्यंत दात वाजत होते.

जाऊबाई रडल्या नाहीत. पदर खोचला, चाळणी घेतली नाही, फावडं घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसा दोन्ही खड्ड्यांतला अझोला आणि गाळ जाड पोत्यांत भरला, खतात नाही, ओढ्यात नाही. मग मला म्हणाल्या, "चल. चार घरं आहेत." माझं त्यांच्याशी बोलणं बंद होतं. माझी नात दवाखान्याच्या फेऱ्या मारत होती, मी कशाला बोलू? पण बाईला एकटीला पाठवायला जीव होईना. मी चार पावलं मागे राहून गेले.

पहिल्या दोन घरांनी मुकाट्याने ऐकलं. त्यांनी डबा त्यांच्या खड्ड्यात ओतला होता खरा, पण पुढची माती स्वतःची घातलेली, जनावरं ठीक होती. तरी सगळं उपसायला आणि दूध तपासायला तयार झाले. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्याने जाऊबाईंना अंगणातूनच हाकललं. आमच्या जनावरांवर उठलीस, म्हणाला. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि जाताना परत तेच सांगितलं, उपसा, पोत्यात भरा, हात धुवा. चौथ्या घरची बाई मात्र हसली. माझ्या गाईला काही झालेलं नाही, इतका छान अझोला आलाय, मी नाही काढणार, म्हणाली. तिच्या ओट्यावर एक पोरगं पेला तोंडाला लावून बसलं होतं.

जाऊबाईंनी त्या पोराकडे बघितलं. तिथल्या खड्ड्यात उतरल्या, साडी पोटरीपर्यंत भिजली, आणि ओट्याजवळ पडलेला विळा डाव्या हातात घेऊन तळाचा प्लास्टिक कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडला. ती बाई ओरडत राहिली. पाणी भराभर खाली मुरलं आणि अझोला चिखलावर बसला. मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मग दोघींनी मिळून तो गाळ पोत्यात भरला.

पिटुकलीचा अहवाल आला. जास्त निघालं, पण औषध द्यावं लागेल इतकं नाही. ती माती, ते दूध, ती अंडी बंद झाली हे बरं, लोहाचं आणि कॅल्शियमचं औषध द्या, महिन्याने परत तपासू, उतरेल, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. मी तिथेच बाकावर बसून रडले. मग त्यांनी विचारलं, मातीत रोज हात कोण घालायचं? मी सोबत आलेल्या जाऊबाईंकडे बोट दाखवलं. त्यांचंही रक्त घेतलं. दोन दिवसांनी आकडा आला, तो नातीच्या तिप्पट होता.

डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगितले. डावा राहिला. उजव्याचा पंजा मनगटातून खाली लोंबला. त्यांनी उचलायचा प्रयत्न केला, उचलेना.

"हात असा कधीपासून पडतोय?"

"पडत नाही तो," जाऊबाई म्हणाल्या. "ह्यांनी धरलाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी जाऊबाईंकडे.

त्या शांतपणे सांगत गेल्या. खड्डा सुरू केला तेव्हापासून, पाण्यात हात घातला की खालून कुणीतरी मनगट धरायचं. आधी अगदी हलकं. मग घट्ट. अलीकडे पाण्याबाहेरही सोडत नाहीत, दिवसभर धरून असतात. "तुला सांगितलं नाही," मला म्हणाल्या, "तू चिडतेस."

डॉक्टर म्हणाले, शिशाने नस बधिर झालीय. पाच दिवस भरती व्हा, सलाइनमधून औषध देऊ, शिसं लघवीवाटे निघून जाईल, हात हळूहळू सुटेल.

"सुटेल म्हणजे सोडतील?"

"सुटेल ना. पूर्वीसारखा होईल."

"मग नको," त्या म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

माझं टाळकं फिरलं. मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. म्हटलं, गाय गेली, माझ्या कोंबड्या गेल्या, पोर थोडक्यात वाचली, आणि तुम्हाला अजून तोच हवाय? ज्या माणसाने तुमच्या तोंडासमोरची ताटं भिरकावली? त्या माणसाने जिवंतपणी एकदा तरी तुमचा हात धरला होता का, खरं सांगा.

"नाही गं," जाऊबाई म्हणाल्या. "एकदाही नाही. म्हणून तर सोडवत नाही."

मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. थोड्या वेळाने नर्स सलाइनची बाटली घेऊन आली आणि कोणत्या हाताला लावू, म्हणून उभी राहिली. जाऊबाईंनी मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पुष्कळ वेळ बघितलं. मग डावा पुढे केला.